भांगातल्या पहिल्या पांढऱ्या केसांवर स्प्रे मारला, तर टाळूवर मागे काय उरतं?

प्रश्न: ताई, मी ३७ वर्षांची आहे. भांगात आणि कानशिलांजवळ मोजून पंचवीस-तीस केस पांढरे झालेत. इतक्यात डाय सुरू करायचा नाही, म्हणून मुळांवर मारायचा स्प्रे आणला. बहीण म्हणते पावडर बरी. आठवड्यातून दोनदा न्हाते तेव्हा काळं पाणी जातं, तरी नंतर डोकं खाजवलं की नखात काळं येतं. हे मुळात साचतं का? यानं केस गळतील का?

उत्तर:

नखात येतं ते काळं म्हणजे सुकलेल्या स्प्रेचा पापुद्रा. त्यात टाळूचं तेल आणि मेलेल्या त्वचेचा भुगा मिसळलेला असतो. तो त्वचेच्या वर बसतो आणि केसाच्या तोंडाशी अडकतो, पण आत मुळात उतरत नाही. या स्प्रेंमध्ये बहुतेक वेळा रंग म्हणून लोहाची ऑक्साइडं वापरतात, म्हणजे काजळ-आयशॅडोमध्ये असतात तीच काळी, तांबडी आणि पिवळी भुकटी. ती पाण्यात विरघळत नाही आणि तेलातही नाही. जे असं विरघळत नाही ते त्वचेत सहसा मुरतही नाही. त्यामुळे रंग मुळापर्यंत जाऊन केस मारतो ही भीती सोडा. केसगळतीचा संबंध जोडायचाच तर खाजवण्याशी जोडा. नखांनी सारखं खरवडलं की टाळू लाल होते, आणि चिकट झालेल्या मुळांतून कंगवा ओढला की केस तुटतात. शिवाय दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात. तुम्ही तीन-चार दिवसांनी न्हाता, तेव्हा ते एकदम हातात येतात आणि दोष स्प्रेच्या माथी जातो.

तरीही न्हाऊन झाल्यावर नखात काळं यायला नको. येतंय म्हणजे धुण्यात किंवा लावण्यात काहीतरी राहतंय. मी बावीस वर्षं पार्लर चालवते आहे. इतक्या वर्षांत या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा तीनच गोष्टी दिसल्या आहेत: थरावर थर, तेल लावण्याची चुकीची वेळ आणि घाईनं लावलेला कंडिशनर.

आधी एक घोटाळा दूर करते, कारण तो महागात पडू शकतो. तुमची बहीण कुठल्या पावडरीबद्दल बोलते आहे ते तिला नीट विचारा. आपल्याकडे दुकानात ‘केसांची पावडर’ मागितली की बऱ्याचदा पाण्यात कालवून लावायची पुडी हातात देतात. तो डायच आहे. त्यात पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. ‘काळी मेंदी’ म्हणून विकतात त्यातही ते सापडतं. पीपीडीनं काहींना जोरदार ॲलर्जी येते, पापण्या सुजतात, कपाळावर पाणी भरलेले फोड येतात. मी इथे ज्या पावडरीबद्दल सांगते आहे ती कॉम्पॅक्टसारख्या छोट्या डबीत दाबून भरलेली असते, सोबत आखूड ब्रश किंवा स्पंज असतो, आणि ती कोरडीच लावायची असते. पाणी मिसळा असं वेष्टनावर लिहिलं असेल, तर ती ही पावडर नव्हे.

डबी किंवा बाटली उलटी करून घटकांची यादी वाचायची सवय लावा. सीआय ७७४९९, ७७४९१, ७७४९२ असे आकडे दिसले (ते इंग्रजी अंकांत छापलेले असतात), तर ती लोहाची ऑक्साइडं. पीपीडीचं पूर्ण नाव पॅरा-फिनिलीनडायमाइन. ते दिसलं तर ती वस्तू एका धुण्यात जाणारी नाही, आणि तुमच्या कामाची नाही.

आता स्प्रे आणि पावडर डोक्यावर कशा टिकतात ते समजून घेतलं, की धुण्याची पद्धत वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

स्प्रेमध्ये रंगाच्या भुकटीबरोबर हेअरस्प्रेमध्ये असतो तसा रेझिन असतो. डब्यात हे सगळं अल्कोहोल आणि गॅसमध्ये मिसळलेलं असतं. फवारा केसावर पडला की अल्कोहोल उडून जातं आणि रेझिनचा पातळ पापुद्रा केसावर सुकतो. रंगाची भुकटी त्या पापुद्र्यात धरलेली असते. म्हणून स्प्रे सुकल्यावर बोट फिरवलं तर फारसं काही लागत नाही, पण केस हाताला जरा कडक लागतो. हा रेझिन मुद्दाम असा बनवलेला असतो की शाम्पूच्या पाण्यात सुटावा. नुसत्या पाण्यानं तो फक्त मऊ पडतो. पहिल्या पावसात भिजलात तर भांग चिकट होतो आणि कपाळावर काळा ओघळ येऊ शकतो, पण रंग पुरता निघत नाही. नुसत्या पाण्यानं डोकं ओलं करून ‘धुतलं’ म्हणणाऱ्यांच्या टाळूवर हा मऊ पडलेला पापुद्रा परत सुकतो, तडकतो आणि त्याचे बारीक तुकडे होतात. नखात येतात ते हे तुकडे.

पावडरीत असा रेझिन सहसा नसतो. ती अगदी बारीक दळलेली, चपटे कण असलेली भुकटी असते. बऱ्याच चांगल्या पावडरींमध्ये त्या कणांवर सिलिकॉनसारखं पाणी न धरणारं आवरण असतं. ब्रशनं दाबली की ती केसाच्या खडबडीत पृष्ठभागाला आणि त्यावरच्या नैसर्गिक तेलाला धरून बसते. घामाच्या दोन-चार थेंबांनी ती ओघळत नाही. घासली मात्र की लगेच निघते, आणि तेल लागलं की सरकते. उशीच्या अभ्र्यावर, हेल्मेटच्या अस्तरावर किंवा पांढऱ्या ओढणीवर डाग पडतो तो बहुधा पावडरीचा. धुताना मात्र पावडर सोपी. शाम्पूचा फेस झाला की ती त्यात तरंगून निघून जाते, मागे पापुद्रा राहत नाही.

त्यामुळे टाळूवर काय उरतं या तुमच्या मुख्य काळजीपुरतं बोलायचं, तर पावडर उजवी आहे. टिकण्याच्या बाबतीत स्प्रे उजवा आहे. तुमच्या पंचवीस-तीस केसांसाठी काय घ्यावं हे मी पुढे सांगते.

धुण्याची पद्धत अशी. न्हाण्याआधी केस कोरडे असतानाच भांगाच्या दोन्ही बाजूंना मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवा. स्प्रेचा पापुद्रा कोरडा असताना ठिसूळ असतो, बराचसा इथेच सुटतो. खांद्यावर जुना टॉवेल घ्या. मग कोमट पाण्यानं डोकं चांगलं मिनिटभर भिजू द्या, नुसता मग ओतून लगेच शाम्पू नको. शाम्पू थेट बाटलीतून टाळूवर ओतू नका. एक चहाचा चमचा शाम्पू अर्ध्या कप पाण्यात ढवळून घ्या आणि ते पाणी भांगावर आणि कानशिलांवर घाला, म्हणजे ते मुळापर्यंत सारखं पोचतं. जाड शाम्पू वरच्या केसांतच अडकतो आणि खाली पापुद्रा तसाच राहतो. बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, दोन मिनिटं चोळा आणि धुवून टाका.

आता फेसाकडे बघा, कारण तो खरं सांगतो. पहिल्या वेळेचा फेस चहासारखा किंवा राखाडी असतो. बऱ्याच जणी इथेच थांबतात. काळं पाणी गेलं, म्हणजे झालं, असं वाटतं. पण ते पाणी गेलं तेव्हा पापुद्रा फक्त सुटायला लागलेला असतो. दुसऱ्यांदा त्याच मापाचा शाम्पू घ्या. दुसरा फेस पांढरा आला पाहिजे. नाही आला तर तिसऱ्यांदा. सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू वापरत असाल तर तीन वेळा लागणं स्वाभाविक आहे, त्यात शाम्पूचा दोष नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात फेसच कमी होतो, तिथे शेवटचं धुणं जास्त वेळ करा.

आणि फेस पांढरा होईपर्यंत कंडिशनरला हात लावू नका. यामागचं कारण थोडं समजावून सांगते. स्प्रेच्या रेझिनवर बहुतेक वेळा ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधल्या मऊ करणाऱ्या द्रव्यांवर धन. दोन्ही भेटली की एकमेकांना धरून ठेवतात आणि पाण्यात न सुटणारा चिकट थर तयार होतो. न्हाऊन केस वाळल्यावर मुळाशी हाताला मेणचट लागत असेल आणि खाजवल्यावर काळं येत असेल, तर मला पहिला संशय याचा येतो. कंडिशनर लावायचाच तर कानाखालच्या केसांना लावा, टाळूपासून चार बोटं दूर.

केस पूर्ण वाळल्यावर एक सोपी तपासणी करा. पांढरा टिश्यू किंवा कापसाचा बोळा जरासा ओला करून भांगावरून एकदाच ओढा. स्वच्छ आला तर झालं. फिकट राखाडी रेघ आली तर पुढच्या न्हाण्याला एक वेळ शाम्पू वाढवा. काळे ठिपके आले तर थर साचले आहेत, आणि तोवर नवीन स्प्रे मारू नका.

तेलाबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण आपल्या घरांत न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल चोपडण्याची पद्धत पक्की आहे. स्प्रेवर तेल चोपडलं तर रेझिन विरघळत नाही, तो नुसता सैल होतो. मग चंपी करणारी बोटं तोच सैल पापुद्रा भांगातून उचलून सगळ्या टाळूभर पसरवतात. जिथे रंग नव्हता तिथेही काळं जातं. क्रम उलटा करा. आधी शाम्पूनं रंग काढा, टाळू कोरडी होऊ द्या, मग तेल लावा, आणि ते तेल दुसऱ्या दिवशी एका शाम्पूत काढा. त्या रात्री स्प्रे नको. पावडर लावली असेल तर तेलाचा थेंबभर बोळा भांगावरून फिरवून पावडर टिपून घ्या, चोळू नका, मग शाम्पू करा. तेलानं पावडर झटकन सुटते हा फायदाच आहे, फक्त ती बोळ्यात यायला हवी, टाळूवर नाही.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्या ४१ वर्षांच्या, सकाळची शाळा, सातच्या आधीची लोकल. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी भांगावर आणि कानशिलांवर स्प्रे. कालचा दिसतोय तरी आज जरा फिकट वाटला म्हणून वरून परत. शनिवारी रात्री तेल, रविवारी न्हाणं. दोन महिन्यांनी खाज सुरू झाली, म्हणून खाजेवर कोंड्याचा शाम्पू बदलून पाहिला. उपयोग झाला नाही. माझ्याकडे आल्या तेव्हा केस गळतात हीच तक्रार होती.

मी शेपटीच्या कंगव्यानं भांग उघडला आणि दिव्याखाली पाहिला. केस टाळूतून जिथे बाहेर येतो, तिथे प्रत्येक केसाभोवती काळसर कडं होतं, बांगडीसारखं. ते नखानं सरकवलं की केसावरून वर सरकत होतं. टाळू लाल नव्हती, फक्त उजव्या कानामागे एक तांबूस चट्टा होता आणि त्यावर पिवळट, तेलकट पापुद्रे होते. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हे तिथेच लक्षात आलं. कडं स्प्रेचं होतं. चट्टा स्प्रेचा नव्हता, कारण त्या कानामागे कधीच फवारत नव्हत्या.

गळणाऱ्या केसांचं म्हणाल तर मी टॉवेलवर पडलेले दहा-बारा केस त्यांना दाखवले. त्यातल्या सात-आठ केसांना टोकाला पांढरी बारीक गाठ होती, म्हणजे ते आपल्या वेळेला गळलेले. बाकीचे मधूनच तुटलेले, ते कडक मुळांतून कंगवा ओढल्यानं.

कोरडा ब्रश, मग वर सांगितलेलं पातळ शाम्पूचं पाणी नळीच्या बाटलीतून भांगावर सोडलं. पहिला फेस अगदी कडक चहाच्या रंगाचा आला, दुसरा राखाडी, तिसरा पांढरा. पाच दिवसांचे पाच थर आणि वर शनिवारचं तेल असं ते सगळं एका शाम्पूत निघणं शक्यच नव्हतं. कंडिशनर फक्त टोकांना लावला. नंतर टिश्यू ओढला तर बारीक दोन ठिपके आले, ते पुढच्या धुण्यावर सोडले. ओली टाळू जास्त चोळण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर आम्ही वेळापत्रक असं बांधलं: रविवार आणि बुधवार न्हाणं. स्प्रे एका धुण्याच्या अंतरात एकदाच. भांग फिकट वाटला तर वरून पावडर, स्प्रे नाही. तेल बुधवारी संध्याकाळी, म्हणजे न्हाऊन झाल्यावर, आणि ते काढायला गुरुवारी सकाळी एकदा हलका शाम्पू. तीन आठवड्यांनी खाज गेली आणि कडी परत दिसली नाहीत. कानामागचा चट्टा मात्र तसाच राहिला, म्हणून मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस निघाला आणि औषधी शाम्पू मिळाला. कोंड्याचाच तो मोठा भाऊ, टाळूच्या तेलावर जगणाऱ्या बुरशीशी संबंध असलेला. स्प्रेमुळे तो झाला असं डॉक्टरांनी म्हटलं नाही. पण रंग टिकावा म्हणून आठवडा-आठवडा न्हायचं टाळलं, की टाळूवर तेल साचतं आणि असला त्रास असलेल्यांचा तो वाढतो. रंग वाचवायला न्हाणं लांबवू नका असं मी म्हणते ते यासाठी.

आता लावण्याकडे वळते. टाळूवर कमी पडलं तर कमी काढावं लागतं, हे साधं आहे, पण बहुतेक जणी फवारा भांगाच्या रेघेवरच मारतात. भांगाची रेघ म्हणजे उघडी टाळू. तुम्हाला रंगवायचे आहेत ते केस, रेघ नाही. भांग पाडा, मग कंगव्यानं भांगाच्या एका बाजूचे केस उचलून जरा वाकडे धरा, म्हणजे मुळाचा पहिला सेंटिमीटर आडवा दिसेल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, पांढऱ्याची पहिली लक्षणं त्या पट्ट्यातच असतात. डबा हलवा, १० ते १५ सेंटिमीटर लांब धरा, आणि एका वेळी अर्धा सेकंदच दाबा. जवळून मारलं की थेंब पडतात, ओले ठिपके होतात आणि खालची टाळू रंगते. लांबून मारलं की अर्धा रंग हवेत जातो. दोन मिनिटं हात लावू नका. कपाळाच्या कडेला जुना व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा केसांच्या रेघेला लावून धरा, कपाळ वाचतं.

केस तेलकट असतील तर स्प्रे मुळीच धरत नाही. मी नवीन होते तेव्हा लग्नाच्या घरात वधूच्या आईच्या भांगावर स्प्रे मारला. त्यांनी सकाळी तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता, गजरा वर होता, मांडवात उकाडा होता. तासाभरात कानशिलांवरून तपकिरी ओघळ खाली आला. त्या दिवसापासून मी आधी टिश्यू ओढून तेल आहे का ते बघते, मगच डबा उघडते. तेल असलं तर स्प्रे नाही, फार तर थोडीशी पावडर.

रंगछटा निवडताना काळा घेऊ नका. आपले बहुतेकींचे केस उन्हात गडद तपकिरी असतात. लोहाचं काळं ऑक्साइड मोकळ्या केसांवर सपाट, निळसर-राखाडी दिसतं आणि कानशिलावर रंग ओतल्यासारखं वाटतं. मुळाशी, टोकाशी नव्हे, जुळवून गडद तपकिरी घ्या. पांढरा केस जाडसर आणि खडबडीत असतो, त्याच्यावर रंग आधीच ठळक बसतो.

तुमच्या बाबतीत माझं स्पष्ट मत असं: पंचवीस-तीस केसांना रोज डब्यातला फवारा ही गरजेपेक्षा मोठी गोष्ट आहे. भांगातल्यांसाठी दाबलेली पावडर घ्या. कानशिलांवरच्या सात-आठ केसांसाठी मस्काऱ्यासारखी कांडी मिळते, तिनं एकेक केस रंगवा, टाळूला ती लागतही नाही. स्प्रे लग्नकार्य किंवा फोटोच्या दिवसासाठी ठेवा. पांढरे उपटत मात्र बसू नका. एक उपटला की चार येतात हे खरं नाही, पण तेच ते मूळ पुन्हा पुन्हा दुखावलं की तिथे केस यायचाच थांबू शकतो.

काही जणींनी हे वापरूच नये. टाळूवर जखम, पुळ्या, ओला चट्टा किंवा खपल्या असतील तर आधी ते बरं होऊ द्या. लोहाची ऑक्साइडं सहसा त्रास देत नाहीत, पण सुगंध, संरक्षक द्रव्यं किंवा रेझिन देऊ शकतात. म्हणून नवीन डबा आणला की थोडा कापसावर फवारून कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन दिवस पाहा. खाज, लाली किंवा बारीक फोड आले तर तो डबा बाजूला ठेवा. टाळूला खाज न येता नुसतं काळं येत असेल तर ते साचणं आहे. लावल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आग होत असेल, किंवा कानाच्या पाळीला, मानेला पुरळ येत असेल, तर ती ॲलर्जी आहे असं समजा आणि धुऊन डॉक्टरांकडे जा.

स्प्रे फवारताना श्वास रोखून डोळे मिटा आणि खिडकी उघडी ठेवा. दमा असेल तर स्प्रेऐवजी पावडर किंवा कांडी. आणि स्प्रेच्या डब्यात पेट घेणारा गॅस असतो हे विसरू नका. गॅस गीझर चालू असलेल्या बाथरूममध्ये, देवघरातल्या समईसमोर किंवा केस सरळ करायचं यंत्र तापत ठेवून फवारू नका. डबा उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका.

पार्लरमध्ये पुढे कधी रंग करायला जाल तेव्हा आदल्या दिवशी दोन वेळा शाम्पू करून जा. मुळांवर पापुद्रा असला की डाय केसात शिरत नाही आणि नेमके पांढरे पट्टे पांढरेच राहतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे टाळू दाखवायला जातानाही असंच. भिंगातून पाहताना स्प्रेचे काळे ठिपके तुटलेल्या केसांसारखे दिसतात आणि निदानाला अडथळा होतो. तिथे गेल्यावर काय वापरता तेही आवर्जून सांगा.

सध्या तुम्ही एवढं करा: येत्या न्हाण्याला कोरडा ब्रश, पातळ शाम्पू दोनदा, कंडिशनर टाळूपासून दूर, आणि वाळल्यावर टिश्यू. पुढचे दोन आठवडे स्प्रे बंद ठेवा, फक्त पावडर. या काळात नखात काळं यायचं थांबलं तर ते साचलेलं होतं, आणि तुमचा प्रश्न सुटला. काळं थांबलं पण खाज राहिली, किंवा पिवळट तेलकट पापुद्रे दिसले, तर ते टाळूचं दुखणं आहे, आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.